‘त्यात काय हशील?’ – अरबी धातूची तीन अक्षरे आणि त्यावरचे साचे

मागच्या वेळी अरबी लिपीतली अठ्ठावीस अक्षरं आपण बघितली. आज ती अक्षरं एकत्र येऊन शब्द कसा घडवतात ते बघायचं आहे. पण सुरुवात अरबीपासून करायची नाही. आपल्याच घरातले तीन शब्द घेऊ.

‘एवढं भांडून काय हशील?’ असं आपण सहज म्हणतो. पुस्तकाच्या जाहिरातीत ‘टपालहशील वेगळे’ असं छापलेलं असे, तो हाच शब्द. दुसरा शब्द महसूल. आणि तिसरा तहसील, ज्याच्या पाटीखालून पनवेलला दाखल्यासाठी आपल्यापैकी बरेच जण गेले असतील. हशील, महसूल, तहसील. कानाला तीन वेगळे शब्द वाटतात. आता त्यांतले स्वर गाळा आणि पुढे लागलेले म आणि त बाजूला ठेवा. काय उरतं? ह, स, ल. हशीलमध्ये श ऐकू येतो, पण तो आपला मराठीपणा आहे. ई-कारापुढे मूळच्या स चा श करायची आपल्या जिभेला सवय आहे, म्हणून तर बोलताना ‘तहशीलदार’सुद्धा म्हणतात.

ही तीन अक्षरं म्हणजे अरबीतलं एक मूळ. घशातून येणारा जड ‘ह’, जाड ‘स’ म्हणजे साद, आणि ‘ल’. या मुळाचा सर्वसाधारण अर्थ हाती येणं, मिळणं, घडून येणं. लक्षात घ्या, ‘हसल’ हे तीन व्यंजनांचं मूळ नुसतं असं कुणी उच्चारत नाही. मूळ हा बोलायचा शब्द नसतो. तो हाडाचा सांगाडा असतो, आणि त्यावर स्वरांचं मांस चढलं की शब्द होतो.

हे फार परकं वाटायचं कारण नाही. पडणे आणि पाडणे, मरणे आणि मारणे, सुटणे आणि सोडणे: मराठीतही आतला स्वर हलला की काम आपोआप होण्याऐवजी कुणीतरी केलेलं होतं. फरक इतकाच की मराठीत ही थोड्या क्रियापदांची गोष्ट आहे, आणि अरबीत जवळजवळ सगळी भाषाच अशी चालते. आपण संस्कृत धातूला प्रत्यय पुढे-मागे जोडतो. अरबी माणूस धातूच्या पोटात शिरून स्वर बदलतो.

आता साचे. अरब व्याकरणकारांनी साचा दाखवायला एक सोपी युक्ती केली. ‘करणे’ या अर्थाचं मूळ आहे फ-ऐन-ल. ऐन हे घशातलं व्यंजन, आपण त्याला अ म्हणून मोकळे होतो. पण ते व्यंजन आहे, स्वर नाही, हे आज विसरू नका. तर ही तीन अक्षरं त्यांनी रिकाम्या चौकटीसारखी वापरली. फ म्हणजे मुळातलं पहिलं अक्षर, ऐन म्हणजे दुसरं, ल म्हणजे तिसरं. मग साच्याला नावच पडतं. ‘फाइल’ म्हणजे करणारा. ‘मफऊल’ म्हणजे केलेला. कुठल्याही मुळाची तीन अक्षरं या जागांवर ठेवा, शब्द तयार.

फाइल साचा आपल्या कानात केव्हाचा बसलेला आहे. हाजीर, दाखल, शामील, जाहीर, वारस. पहिल्या अक्षराला दीर्घ आ, दुसऱ्याला इ. दाखल आणि वारस या शब्दांत मराठीने ती इ गिळली, पण मुळात ते दाखिल आणि वारिस आहेत. दाखल म्हणजे आत येणारा, हाजीर म्हणजे समोर असणारा. हशीलही असाच, मुळात हासिल: जे हाती येतं ते. आता ‘काय हशील?’ हा प्रश्न पुन्हा ऐका. ‘हाती काय येणार?’ शब्दशः तोच अर्थ.

मफऊल साचाही तितकाच ओळखीचा. पुढे म, आणि दुसऱ्या अक्षरानंतर दीर्घ ऊ. मंजूर, मजकूर, मशहूर, महसूल. मजकूर म्हणजे उल्लेख केलेलं, महसूल म्हणजे हाती आलेलं. मुजुमदार हे आडनाव आपल्या परिचयाचं. त्यातला मजमू म्हणजे मजमूअ, ‘जमा केलेलं’, ज-म-ऐन या मुळाचा मफऊल. त्याच मुळाचे जमा आणि जमात. पुढचं ‘दार’ मात्र फारसी. शिवाजी महाराजांच्या राज्यव्यवहारकोशाच्या काळात मुजुमदाराचा अमात्य झाला. म्हणजे पद संस्कृतात गेलं, पण आडनावात अरबी साचा तसाच राहिला.

‘दार’वरून एक गोष्ट इथेच सांगून टाकू. हे शब्द आपल्याकडे थेट अरबांकडून आले नाहीत, बहुतेक फारसीच्या हातून आले. बहामनी राज्य 1347 मध्ये सुरू झालं, आणि त्यानंतर काही शतकं दख्खनच्या दफ्तरांत फारसीचं वजन होतं. फारसीने अरबीतून नामं घेतली, विशेषणं घेतली. चालती क्रियापदं घेतली नाहीत. आपणही तेच केलं. म्हणून मराठीत कबूल ‘करतात’, दाखल ‘होतात’, वसूल ‘करतात’. क्रियापद आपलं, आणि अरबी शब्द एक तयार तुकडा म्हणून शेजारी बसलेला. अरबी शिकणाऱ्या मराठी माणसाचं काम म्हणूनच थोडं उलटं असतं. इतर जण क्रियापदाकडून नामाकडे जातात. आपल्या हातात नाम आधीच आहे, आपल्याला त्याच्या मागचं क्रियापद शोधायचं असतं.

ते क्रियापद कोशात कसं दिलेलं असतं? आपण म्हणतो ‘करणे’. अरबी कोश म्हणतो ‘त्याने केलं’. पुल्लिंगी, एकवचनी, भूतकाळ, कारण त्याच रूपात मूळ सगळ्यात उघडं दिसतं. हसल: ‘ते हाती आलं, घडलं’. हा झाला पहिला प्रकार, अगदी साधा. त्यावर आणखी नऊ प्रकार नेहमी वापरात आहेत. हान्स वेअरचा कोश, जो 1952 मध्ये जर्मनमध्ये आला आणि 1961 मध्ये इंग्रजीत, त्यात हे प्रकार रोमन आकड्यांनी दिलेले असतात. सगळे दहा आज घेत बसलो तर तुम्ही उद्या येणार नाही. तीनच घेऊ: दुसरा, तिसरा आणि दहावा.

दुसऱ्या प्रकारात मधलं अक्षर दुप्पट होतं. बस, एवढंच. अलिम म्हणजे ‘त्याला कळलं’, आणि अल्लम म्हणजे ‘त्याने कळवलं, शिकवलं’. ल वर जोर आला आणि काम दुसऱ्यापर्यंत गेलं. मरणे-मारणेची आठवण ठेवा. कधी हा प्रकार ‘करवणे’ सांगतो, कधी तेच काम जोराने किंवा पुन्हा पुन्हा करणं. कसर म्हणजे मोडलं, कस्सर म्हणजे तुकडे तुकडे केले. आता गंमत पुढे आहे. या प्रकाराचं भाववाचक नाम ‘तफईल’ या साच्यात बनतं. पुढे त, आणि दुसऱ्या अक्षरानंतर दीर्घ ई. अल्लमचं नाम तअलीम. कुस्तीची तालीम आणि नाटकाची तालीम, दोन्ही ‘शिकवणं’.

हसलचा दुसरा प्रकार हस्सल: ‘त्याने हाती आणवलं, गोळा केलं’. त्याचं नाम तहसील, म्हणजे वसुली. हे कळलं की तहसील आणि महसूल यांचं नातं पाठ करावं लागत नाही. एक शब्द गोळा करण्याचं काम सांगतो, दुसरा गोळा झालेली चीज. मूळ एक, फक्त कोणत्या बाजूने बघता ते साच्याने ठरतं.

तपशील घ्या. फ चा प झाला, ई-कारापुढचा स चा श झाला, तो मागे नेला की तफसील. मूळ फ-स-ल, वेगळं करणं. फस्सल म्हणजे एकेक भाग सुटा करून मांडला, तफसील म्हणजे ती मांडणी. त्याच मुळाचा फैसला: दोन बाजू वेगळ्या करून टाकणं. फसली सालातली फसल म्हणजे हंगाम, वर्षाचा वेगळा काढलेला तुकडा. अरबीत मापाने कपडा बेतून शिवण्यालाही तफसील म्हणतात. कापड वेगळं कापायचं असतं, नाही का?

इथे नेहमी कुणीतरी विचारतं, आजही समोरून विचारलं गेलं: ‘म्हणजे त ने सुरू होऊन ई येणारा प्रत्येक शब्द असाच का?’ नाही. तसबीर, ताकीद, तारीख, तजवीज हे तसे आहेत. पण तमीळ नाही, आणि तडीपारही नाही! साचा हा पुरावा नव्हे. तो संशय घ्यायचं कारण आहे. आधी शब्द अरबी आहे याची खात्री करा. मोल्सवर्थच्या कोशात शब्दाशेजारी तशी खूण असते, आणि माधवराव पटवर्धनांचा 1925 चा फारसी-मराठी कोश तर याच कामाचा आहे. नुसत्या कानावर विसंबलं तर काय होतं? अरबीत क-द-म या मुळावरून कदम म्हणजे पाऊल, आणि दुसऱ्या प्रकारातून ‘पुढे ठेवलेला’ तो मुकद्दम, म्हणजे आपला मुकादम. इथवर ठीक. पण म्हणून कदम आडनाव अरबी ठरत नाही. ते कदंब कुळाशी जोडलं जातं. तीन व्यंजनं जुळली म्हणून नातं जुळवायची घाई करायची नाही.

मुकादम आलाच आहे, तर वाशीच्या कृषी उत्पन्न बाजारात एक फेरी मारू. मुंबईत मशीद बंदरच्या परिसरातला घाऊक बाजार इकडे आला, आणि त्याबरोबर दोन जुने शब्दही आले: हमाल आणि दलाल. ह-म-ल म्हणजे वाहून नेणं. फाइल साच्यात हामिल, म्हणजे आत्ता वाहून नेणारा, कुणीही. पण ज्याचा तो धंदाच आहे, जो रोज तेच करतो, त्याच्यासाठी वेगळा साचा आहे: मधलं अक्षर दुप्पट आणि पुढे दीर्घ आ. हम्माल. तसाच दल्लाल. द-ल-ल म्हणजे वाट दाखवणं. दलील म्हणजे दाखवून देणारी गोष्ट, पुरावा, आणि दल्लाल म्हणजे विकणाऱ्याला घेणाऱ्याची वाट रोज दाखवणारा. सराफही याच साच्यातला, मुळात सर्राफ: स-र-फ, फिरवणं, बदलणं, म्हणून नाणी बदलून देणारा. आणि ऐका, शब्दांची रूपं कशी बदलतात याचं जे शास्त्र आपण आज शिकतोय, त्याला अरबीत सर्फ म्हणतात. तेच मूळ. आम्ही आज सराफीच करतोय म्हणा.

मराठीने या तिन्ही शब्दांतलं दुप्पट अक्षर एकेरी केलं. 1969 च्या महाराष्ट्राच्या माथाडी कायद्याच्या नावातही ‘हमाल’ एका म चाच आहे. मराठी म्हणून त्यात काहीच बिघडलं नाही. पण अरबी शिकताना ते हरवलेलं दुप्पटपण परत आणावं लागतं, कारण अर्थ तिथेच आहे. हमल म्हणजे ओझं, हम्माल म्हणजे हमाल. उच्चारात एवढासा फरक, आणि एकीकडे गोणी तर दुसरीकडे माणूस.

आता एक मूळ सगळ्या बाजूंनी फिरवून बघू. ऐन-म-ल. अर्थ काम करणं. पहिलं क्रियापद अमिल, ‘त्याने काम केलं’. नाम अमल, म्हणजे काम, कृती. हाच आपला अंमल. राज्यकर्त्याचं काम म्हणजे त्याचा अधिकार चालणं, तिथून आपण ‘पेशव्यांचा अंमल’ म्हणू लागलो, आणि अधिकार चालवणारा तो अंमलदार. नशेचाही अंमल चढतो, म्हणजे तीही आपलं काम करते! मफऊल साच्यात मअमूल: केलं जाणारं, नेहमी होणारं. म्हणून नेहमीचं ते मामूली.

तिसऱ्या प्रकारात पहिल्या अक्षरानंतर दीर्घ आ येतो: आमल. अर्थ होतो दुसऱ्या कुणाशी ते काम करणं. दुसरा माणूस समोर हवाच. त्याच्याशी व्यवहार केला, वागणूक ठेवली. याचं नाम ‘मुफाअला’ साच्यात, म्हणजे मुआमला. आपला मामला आणि मामलत. मामलेदार म्हणजे व्यवहार बघणारा. बघा, अंमलदार आणि मामलेदार एकाच मुळाचे दोन अधिकारी. एकाच्या शब्दात नुसतं काम आहे, दुसऱ्याच्या शब्दात देणारा आणि घेणारा असे दोन पक्ष बसलेले आहेत. मुकाबला हाही याच साच्यातला, आणि तिथेही समोर कुणीतरी लागतोच.

दहाव्या प्रकारात पुढे ‘इस्त’ जोडतात. अर्थ साधारणपणे ती गोष्ट मागणं, किंवा एखाद्या वस्तूला त्या कामाला लावणं. इस्तअमल: ‘त्याने कामाला लावलं, वापरलं’. नाम इस्तिअमाल, हिंदीतून आपल्याला ठाऊक असलेला इस्तेमाल.

इथपर्यंत सगळे ओळखीचे शब्द होते. म्हणजे अर्थ आधी माहीत होता आणि आपण कारण शोधत होतो. खरी परीक्षा अनोळखी शब्दाची. समजा, आखाती देशात गेलेल्या तुमच्या भाच्याने दुकानाच्या पाटीचा फोटो पाठवला, आणि त्यावर लिहिलंय ‘मुस्तअमल’. काय कराल? आधी पुढचा मु बघा. दुसऱ्यापासून दहाव्या प्रकारापर्यंत करणारा आणि केलेला, दोघांच्याही पुढे मु लागतो. मुसाफिर आठवा, तो सफरच्या तिसऱ्या प्रकारातला करणारा. मु काढला. पुढे ‘स्त’ आहे, म्हणजे दहाव्याचा संशय. तो काढला, आणि उरले ऐन-म-ल, बरोबर तीन. आता शेवटच्या अक्षराआधी इ आहे की अ? या मु-वाल्या शब्दांत तिथे इ असेल तर करणारा, अ असेल तर केलेला. मुस्तअमिल म्हणजे वापरणारा, मुस्तअमल म्हणजे वापरलेलं. दुकान जुन्या, वापरलेल्या मालाचं आहे. पण एक अडचण उरतेच: पाटीवर ऱ्हस्व स्वर लिहिलेले नसतात. अरबी अक्षरांत मुस्तअमिल आणि मुस्तअमल सारखेच दिसतात. दुकानाच्या पाटीवर ‘वापरणारा’ विकायला नसतो, म्हणून संदर्भाने कळतं. करारनाम्यात मात्र संदर्भ नीट वाचावा लागतो.

करारनाम्याचं नाव काढलं ते मुद्दामच. इथून आखातात कामाला जाणारे थोडे नाहीत. त्यांच्या हाती येणाऱ्या कागदात याच मुळाचा एक शब्द असतो: आमिल. फाइल साचा, काम करणारा. जुन्या मराठी-फारसी दफ्तरांत आमील म्हणजे वसुलीवरचा अधिकारी. आपल्या कानातला अंमलदार लगेच जागा होतो आणि वाटतं, काहीतरी हुद्द्याचं पद असावं. आजच्या अरबीत आमिल म्हणजे कामगार. आणि ‘साहिबुल-अमल’ म्हणजे कामाचा धनी, मालक. साच्याने दिलेला अर्थ, ‘काम करणारा’, दोन्हीकडे खराच आहे. कोणतं काम, हे प्रत्येक भाषेने आपापलं ठरवलं. तसंच महसूल. अरबी बातमीत महसूल दिसला तर कर समजू नका, तिथे तो शेतातून हाती आलेलं पीक असतो. साचा तुम्हाला दारापर्यंत नेतो. कोणत्या खोलीत जायचं ते कोशच सांगतो. मुळावरून अर्थ ‘काढता येतो’ असं जे सांगितलं जातं, ते आम्हाला म्हणून अर्धंच पटतं. अंदाज बांधता येतो, आणि एकदा कोशात बघितल्यावर तो विसरायला होत नाही. एवढं पुरे आहे.

कोशाचा विषय निघाला, तर त्यातली वाट सांगतो. असे कोश मुळाप्रमाणे लावलेले असतात. मुस्तअमल म मध्ये सापडत नाही, ऐन मध्ये सापडतो. महसूल ह मध्ये. म्हणजे मूळ ओळखता आलं नाही तर कोश उघडून उपयोग नाही. नव्या विद्यार्थ्याचा जीव इथेच जातो, आणि त्याची दोन कारणं आम्हाला वारंवार दिसतात.

पहिलं, देवनागरीने गाळलेली अक्षरं. अरबीत आपल्या कानाला ज वाटणारी चार वेगळी अक्षरं फारसीच्या वाटेने एकच झाली, वर अरबीचा स्वतःचा ज वेगळाच. स ची तीन, त ची दोन, ह ची दोन. आता नजर, मंजूर आणि नजराणा हे तीन शब्द घ्या. कुणीही म्हणेल, मूळ एक, न-ज-र. राजाची नजर पडावी म्हणून देतात तो नजराणा, असं कारणही तयार होतं. ऐकायला छान, पण चूक. नजर आणि मंजूर यांतलं मधलं अक्षर ज़ा आहे, अर्थ बघणं. कोर्टातला नाजरही तिथलाच, देखरेख करणारा. नजराण्यातलं अक्षर ज़ाल आहे. ते मूळच निराळं, अर्थ नवस बोलणं, अर्पण करणं. मराठीत लिहिताना दोन्ही सारखे, अरबीत लिहिताना दोन वेगळी अक्षरं आणि कोशात दोन वेगळी पानं. म्हणून सवय अशी लावा: मराठी शब्दावरून मुळाकडे जाताना आधी त्याचं अरबी-फारसी लेखन बघायचं, आणि मगच अक्षरं मोजायची.

दुसरं कारण, नाजूक अक्षरं. व आणि य ही व्यंजनं शेजारच्या स्वरात विरघळून जातात. वारस आणि मिरास घ्या. मिरासदार म्हणजे वंशपरंपरेने जमिनीचा हक्क असलेला. वारसामध्ये व-र-स सरळ दिसतात. इथला स म्हणजे मूळचा ‘स’ नव्हे, अरबीत तो दातांमधून येणारा ‘थ’सारखा आहे, हे आत्ताच्या मुद्द्यातलंच. मिरासमधला पुढचा म काढला तर काय उरलं? र आणि स, दोनच. तिसरं कुठे गेलं? ते ‘मी’मधल्या दीर्घ ई मध्ये आहे. मुळात ते मिवरास असायला हवं होतं. इ च्या मागे व आला, जिभेला ते जड गेलं, आणि इव ची ई झाली. म्हणून हिशेब असा: जादाची अक्षरं काढल्यावर दोनच उरली तर घाबरू नका, शब्दात एखादा लांब स्वर शोधा आणि त्याच्या जागी व किंवा य ठेवून बघा. लांब स्वरही नसेल, तर एकच अक्षर दोनदा असण्याची शक्यता बघा, हक्क या शब्दासारखी, जिथे मूळ ह-क-क आहे.

आणखी एका श्रोत्यांनी विचारलंय, चार अक्षरी मुळं असतात का. असतात, पण तुलनेने कमी. तर्जुमा हा त्यातला आपल्या ओळखीचा: त-र-ज-म, भाषांतर करणं. त्यांचे साचे वेगळे आहेत, ते पुन्हा कधी.

पुढच्या वेळी येताना एक काम करून या. मूळ क-ब-ल, म्हणजे समोर घेणं, स्वीकारणं. कबूल, मुकाबला आणि मुस्तकबिल. पहिले दोन शब्द तुमच्या घरातले आहेत, तिसरा तुम्ही कदाचित ऐकलेला नसेल. मु काढा, स्त काढा, शेवटच्या अक्षराआधी इ आहे हे बघा, आणि अर्थाचा अंदाज कागदावर लिहा. मगच कोश उघडा. कोशात दोन अर्थ सापडतील. एकाचा अंदाज तुम्हाला साच्यावरून सहज येईल. दुसरा काळाशी संबंधित आहे, आणि तो तिथे कसा पोचला यावर पुढच्या व्याख्यानाची सुरुवात करू.